सारणीखालचा परिच्छेद

मराठी माध्यमातल्या बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस.डब्ल्यू.च्या प्रकल्प अहवालाचं चौथं प्रकरण न उघडताही त्याचा साचा सांगता येतो. नाव ‘तथ्यांचे विश्लेषण व अर्थनिर्वचन’ किंवा त्याच्या जवळपासचं. पानाच्या वरच्या भागात सारणी, मध्ये रंगीत वृत्तालेख, म्हणजे आपला पायचार्ट, आणि खाली ‘वरील सारणीवरून असे दिसून येते की’ अशी सुरुवात असलेला परिच्छेद. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही. सारणी बहुतेक वेळा ठीक असते, कारण पोरांनी प्रश्नावल्या मांडी घालून मोजलेल्या असतात. आलेख संगणक काढून देतो. घोटाळा होतो तो खालच्या परिच्छेदात. तिथे आकड्याचं वाक्य करायचं असतं, आणि बघता बघता वाक्य आकड्याच्या पुढे निघून जातं.

एक नमुना घेऊ. आकडे उदाहरणासाठी बेतलेले आहेत, पण असा प्रकल्प दरवर्षी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात होतोच. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला, पुढे गावोगाव बचत गट उभे राहिले आणि ‘बचत गट व ग्रामीण महिला’ हा विद्यार्थ्यांचा हुकमी विषय झाला. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीने एका तालुक्यातल्या दोन गावांत जाऊन, गटाकडून कर्ज घेतलेल्या ४८ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यातला एक प्रश्न असा होता: शेवटच्या कर्जाचा मुख्य उपयोग कशासाठी केला? उत्तरांची सारणी अशी झाली.

| कर्जाचा मुख्य उपयोग | महिलांची संख्या | टक्के |
|---|---|---|
| शेती | १४ | २९.१७ |
| मुलांचे शिक्षण | ११ | २२.९२ |
| दवाखाना | ९ | १८.७५ |
| घरदुरुस्ती | ६ | १२.५० |
| व्यवसाय | ५ | १०.४२ |
| उत्तर नाही | ३ | ६.२५ |
| एकूण | ४८ | १००.०० |

आणि खाली परिच्छेद: ‘वरील सारणीवरून असे स्पष्ट होते की, बहुसंख्य महिला (२९.१७%) कर्जाचा वापर शेतीसाठी करतात. केवळ १०.४२% महिलांनी व्यवसाय सुरू केला आहे. यावरून बचत गटांमुळे ग्रामीण महिलांचा शेतीकडे कल वाढला असून उद्योजकतेबाबत त्या उदासीन आहेत, हे सिद्ध होते.’

वाचायला गुळगुळीत आहे. बहिःस्थ परीक्षक घाईत असेल तर पुढचं पान उलटेल. पण जरा थांबून एकेक शब्द सारणीशी ताडून बघा.

पहिलाच शब्द ‘बहुसंख्य’. बहुसंख्य म्हणजे निम्म्याहून अधिक. ४८ चे निम्मे २४, आणि शेती म्हणणाऱ्या १४. उरलेल्या ३४ जणींनी शेती हे उत्तर दिलेलंच नाही. सहा ओळींमध्ये शेतीची ओळ सगळ्यांत मोठी आहे, एवढंच खरं. त्यासाठी ‘सर्वाधिक’ हा शब्द आहे, आणि तोही ‘दिलेल्या पर्यायांपैकी सर्वाधिक’ असा बांधून वापरावा. पर्याय कसे पाडले यावर पहिला नंबर कोणाचा लागतो ते ठरतं, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ‘मुलांचे शिक्षण’ आणि ‘दवाखाना’ या दोन ओळी ‘कुटुंबाचा खर्च’ अशा एका पर्यायात टाकल्या असत्या, तर तिथे २० महिला आल्या असत्या आणि शेती दुसऱ्या क्रमांकावर गेली असती. महिलांची उत्तरं तीच राहिली असती. खरं तर या सारणीतली सगळ्यांत सांगण्याजोगी गोष्ट हीच आहे: शिक्षण आणि आजारपण मिळून ४८ पैकी २० कर्जं गेली. विद्यार्थिनीच्या परिच्छेदात तिचा उल्लेखही नाही, कारण नजर पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरच गेली.

‘केवळ १०.४२%’ मधलं ‘केवळ’ तर सारणीत कुठेच नाही. पाच महिलांनी व्यवसाय म्हटलं. पाच कमी की जास्त, हे कशाशी तरी तुलना केल्याशिवाय ठरत नाही. दुसऱ्या तालुक्यातला आकडा, पाच वर्षांपूर्वीचा आकडा, एखाद्या आधीच्या अभ्यासातला आकडा, असं काहीतरी हाताशी हवं. ते नसेल तर ‘केवळ’, ‘तब्बल’, ‘मोठ्या प्रमाणावर’ हे शब्द लिहिणाऱ्याचं मत असतात आणि वाचणाऱ्याला ते निष्कर्ष वाटतात. माझा साधा सल्ला असा, की चौथ्या प्रकरणाची फाइल उघडून हे तीन शब्द शोधावेत आणि प्रत्येकाच्या शेजारी तुलना सापडते का ते पाहावं. शिवाय प्रश्न उपयोगाचा होता. ‘व्यवसाय सुरू केला’ असं कोणी म्हटलेलंच नाही. आधीपासूनच्या शिलाईच्या धंद्यासाठी कापड आणलेली बाईही या पाचांत असू शकते.

‘कल वाढला’ म्हणायला दोन वेळचे आकडे लागतात. इथे एकाच वेळचे आहेत. ‘बचत गटांमुळे’ म्हणायला गटात नसलेल्या महिलांचेही आकडे लागतात. इथे सगळ्या गटातल्याच आहेत. ‘उदासीन’ हा मनाचा भाव. तो विचारलेलाच नाही. ज्या बाईने मुलाची फी भरली तिला धंदा करायचा नव्हता असं नाही, फी आधी भरावी लागली असेल. आणि ‘सिद्ध होते’ ही भाषा भूमितीच्या प्रमेयाला शोभते, दोन गावांतल्या ४८ प्रश्नावल्यांना नाही.

राहिला ‘ग्रामीण महिलांचा’. या ४८ जणी विद्यार्थिनीला भेटल्या त्या गटाच्या मासिक सभेला. म्हणजे सभेला येणाऱ्या, गट अजून न सोडलेल्या, कर्ज मिळालेल्या. हप्ते न जमल्यामुळे गटातून बाहेर पडलेली बाई या सारणीत येणारच नव्हती. सोयीने मिळालेल्या नमुन्याला काही दोष नाही. पदवीच्या विद्यार्थ्याकडे ना यादी असते, ना वेळ, ना गाडीभाड्याचे पैसे. पण मग वाक्याचा कर्ता ‘ग्रामीण महिला’ न ठेवता ‘या अभ्यासातील उत्तरदात्या’ असा ठेवावा लागतो. आणखी एक. प्रश्नाचं उत्तर देताना शेजारी गटाची सचिव बसलेली असेल आणि गटाच्या नोंदवहीत कर्जाचं कारण शेळीपालन लिहिलं असेल, तर पैसे दवाखान्यात गेले हे बाई तोंडावर सांगेलच असं नाही. म्हणून क्रियापद ‘वापर करतात’ असं न ठेवता ‘वापर केल्याचे सांगितले’ असं ठेवलं, की सारणीत जे आहे तेवढंच वाक्यात येतं.

आता टक्क्यांकडे. २९.१७ हा आकडा फार नेमका दिसतो. प्रत्यक्षात ४८ जणींत एक बाई म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित जास्त. एकीने आठवून सांगताना ‘शेती’ऐवजी ‘शिक्षण’ म्हटलं असतं, तर २९ चे २७ झाले असते. असं असताना दशांशचिन्हापुढचे दोन अंक कशाचेच नसतात. ते संगणकाने दिले म्हणून छापले जातात. शंभराच्या आतला नमुना असेल तर पूर्ण टक्के पुरतात आणि सोबत संख्या हवीच: ‘१४ महिला (२९%)’. संख्या आधी आणि टक्के कंसात, हा क्रमही मुद्दाम सांगतो. नुसतं ‘८०% महिलांनी नफा झाल्याचे सांगितले’ हे वाक्य भारदस्त वाटतं. व्यवसायवाल्या पाचांपैकी चौघी, असं लिहिलं की त्याचं वजन बरोबर कळतं.

एक दशांश स्थळ ठेवलं तर आणखी एक गंमत होते. २९.२, २२.९, १८.८, १२.५, १०.४ आणि ६.३ यांची बेरीज १००.१ येते. घाबरलेले विद्यार्थी मग कुठल्या तरी ओळीतून शून्य पूर्णांक एक गुपचूप कापतात आणि खाली १०० लिहितात. कापायचं काही कारण नाही. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पूर्णांकित केल्यामुळे हा फरक पडतो. सारणीखाली तशी एक ओळ टाकली की झालं. बेरीज ९७ किंवा १०४ आली तर मात्र ते पूर्णांकन नव्हे, मोजणीतली चूक आहे, आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुन्हा उघडायला हवा.

टक्केवारीत खरी मेख असते ती छेदात. वरच्या सारणीत छेद ४८ आहे. पण बरेच जण उत्तर न दिलेल्या तिघींना वगळून ४५ वर टक्के काढतात. मग शेती ३१ टक्के होते आणि दवाखाना बरोबर २०. दोन्ही हिशेब चालतात. फक्त कुठला केला ते सांगावं लागतं. एका पानावर ४८ आणि पुढच्या पानावर ४५ असं न सांगता बदललं, की दोन सारण्यांची तुलना फसते. हा प्रश्न विद्यार्थ्यांपुरताच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के, हा आकडा आपण सर्रास वाचतो. त्याचा छेद राज्याची सगळी लोकसंख्या नसून सात वर्षांची आणि त्याहून मोठी माणसं एवढाच आहे. पाळण्यातलं बाळ निरक्षर म्हणून मोजण्यात अर्थ नाही, म्हणून हे योग्यच आहे. पण ‘महाराष्ट्रातील दर १०० व्यक्तींपैकी ८२ साक्षर’ असं वाक्य केलं की ते चुकतं.

दोन गोष्टी एकत्र मांडलेल्या सारणीत तर छेद बदलला की वाक्याचा अर्थच उलटा होतो. याच ४८ महिलांना विद्यार्थिनीने विचारलं, की बँकेचे व्यवहार तुम्ही एकट्या जाऊन करता का? २७ जणी ‘हो’ म्हणाल्या. ४८ पैकी २० महिला दहावी किंवा पुढे शिकलेल्या होत्या, २८ त्याहून कमी. शिकलेल्या २० पैकी १५ जणी एकट्या बँकेत जातात, कमी शिकलेल्या २८ पैकी १२. आता पहिलं वाक्य: दहावी झालेल्या २० महिलांपैकी १५ (७५%) एकट्याने व्यवहार करतात. दुसरं वाक्य: एकट्याने व्यवहार करणाऱ्या २७ महिलांपैकी १५ (५६%) दहावी झालेल्या आहेत. पंधरा त्याच, पण एकदा भागिले २० आणि एकदा भागिले २७. शिक्षणाचा काही संबंध दिसतो का हे पाहायचं असेल तर शिक्षणाच्या प्रत्येक गटात १०० टक्के धरून टक्के काढावे लागतात, म्हणजे ७५ विरुद्ध ४३ ही तुलना समोर येते. अहवालात मात्र बहुधा ५६ वाला आकडा उचलला जातो आणि त्याखाली लिहिलं जातं, ‘शिक्षित महिलांपैकी ५६% महिला बँक व्यवहार करतात’. वाक्य साफ चुकलेलं असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यातल्या ‘पैकी’च्या आधी जो गट आला, त्याची एकूण संख्या छेदात आहे का ते पाहायचं.

७५ आणि ४३ हा फरक लहान नाही, आणि तो लिहायलाच हवा. पण ‘शिक्षणामुळे’ असं नाही. गावात दहावी झालेल्या बायका बहुतेक वयाने लहान असतात. त्यांच्याकडे मोबाइल असतो, कदाचित नवऱ्याची स्कूटी चालवता येते. बँक गावापासून लांब असेल तर हिशेब शिक्षणाचा की स्कूटीचा, हे या सारणीतून कळत नाही. ‘शिकलेल्या गटात हे प्रमाण जास्त आढळले, वयाचा वेगळा विचार केलेला नाही’ एवढं लिहावं. प्रश्नावलीत वय विचारलेलं असतंच, तेव्हा उत्साह असेल तर वयाप्रमाणे आणखी एक सारणी करून पाहावी. मात्र ४८ जणींचे चार-पाच भाग पाडले की प्रत्येक कप्प्यात दहा-बारा बायका उरतात आणि टक्के काढण्यात राम राहत नाही.

आता वृत्तालेख. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १८०१ मध्ये तो पहिल्यांदा छापला आणि आपल्याकडे तो दहावीच्या गणितात भेटतो. हाताने काढायचा तर केंद्रीय कोन म्हणजे संख्या भागिले एकूण, गुणिले ३६०. आपल्या उदाहरणात प्रत्येक बाईच्या वाट्याला साडेसात अंश येतात: शेती १०५ अंश, शिक्षण ८२.५, दवाखाना ६७.५, घरदुरुस्ती ४५, व्यवसाय ३७.५, उत्तर नाही २२.५. बेरीज बरोबर ३६०. एकदा तरी हा हिशेब हाताने करावा, कारण वृत्तालेखाची अट त्यातून आपोआप कळते. प्रत्येक बाई एकाच पाकळीत बसली पाहिजे आणि सगळ्या पाकळ्या मिळून सगळ्या बायका झाल्या पाहिजेत.

ही अट जिथे हमखास मोडते तो प्रश्न म्हणजे ‘एकापेक्षा अधिक उत्तरे चालतील’वाला. गटात आल्यापासून काय बदललं, या प्रश्नाला ३१ जणींनी घरखर्चाच्या निर्णयात विचारतात असं म्हटलं, २७ जणींनी एकटीने बँकेत जाते, १९ जणींनी ग्रामसभेत बोलते, चौघींनी काही नाही. महिला ४८, खुणा ८१. हे आकडे एक्सेलमध्ये टाकून वृत्तालेखाचं बटण दाबलं, की एक्सेल बिनबोभाट ८१ ला १०० टक्के धरतं आणि पहिल्या पाकळीवर ३८ टक्के छापतं. परिच्छेदात उतरतं, ‘३८% महिलांना घरखर्चाच्या निर्णयात विचारले जाते’. खरं प्रमाण ४८ पैकी ३१, म्हणजे ६५ टक्के. बरंच कमी करून सांगितलं गेलं, तेही महिलांच्या बाजूचा आकडा. इथे आडवा स्तंभालेख काढावा, प्रत्येक पट्टीचा छेद ४८ ठेवावा, आणि बेरीज १०० च्या वर जाईल असं शीर्षकाखाली सांगून टाकावं.

आलेखाच्या दिसण्याबद्दल थोडक्यात. त्रिमितीतला, तिरका केलेला वृत्तालेख मुळीच वापरू नये. पुढच्या बाजूची पाकळी जाड कडेमुळे मोठी भासते. कोनांपेक्षा एका रेषेवरची उंची माणूस अधिक अचूक ओळखतो, हे विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. त्यामुळे १४ आणि ११ मधला फरक दाखवायचा असेल तर स्तंभच बरा. आणि व्यवहाराची गोष्ट म्हणजे, अहवालाच्या तीन प्रती काढताना दोन तरी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स असतात. निळी, हिरवी आणि जांभळी पाकळी तिथे एकाच राखाडी रंगाची होते आणि बाजूची रंगसूची निरुपयोगी ठरते. पाकळीवरच ‘दवाखाना, ९’ असं लिहिलेलं असावं.

या सगळ्याआधी मोजणी येते. एक्सेलमध्ये उत्तरं मराठीत टंकली असतील तर ‘दवाखाना’, ‘दवाखान्यासाठी’ आणि चुकून ‘दवखाना’ ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी उत्तरं आहेत. म्हणून प्रत्येक उत्तराला क्रमांक द्यावा, शेती १, शिक्षण २ असा, आणि मग मोजावं:

```
=COUNTIF(F2:F49,1)
```

शीर्षकाची ओळ सोडून ४८ प्रश्नावल्या दुसऱ्या ओळीपासून एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंत जातात. सगळ्या क्रमांकांची आणि रिकाम्या चौकटींची बेरीज ४८ यायलाच हवी. मैत्रिणीला बसवून ताळ्याच्या खुणांनी एकदा हातानेही मोजून घेतलं तर उत्तम.

एवढं झाल्यावर तोच परिच्छेद असा होतो: ‘सारणी क्र. ४.६ मध्ये उत्तरदात्यांनी सांगितलेला शेवटच्या कर्जाचा मुख्य उपयोग दिला आहे. ४८ पैकी १४ महिलांनी (२९%) शेती, ११ महिलांनी (२३%) मुलांचे शिक्षण व ९ महिलांनी (१९%) दवाखाना असे उत्तर दिले. शिक्षण व दवाखाना एकत्र घेतल्यास २० महिला (४२%) होतात. घरदुरुस्ती सहा व व्यवसाय पाच महिलांनी सांगितला; तीन महिलांनी उत्तर दिले नाही. माहिती गटाच्या सभेस उपस्थित महिलांकडून घेतली असल्याने ती गट सोडलेल्या महिलांना लागू करता येणार नाही.’ पहिल्यापेक्षा लांब आहे आणि त्यात ‘सिद्ध’ काहीच होत नाही. पण परीक्षकाने यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं तरी विद्यार्थिनीला सारणीतला आकडा दाखवता येतो.

पाचव्या प्रकरणात या काळजीची पुन्हा परीक्षा होते. चौथ्यात ‘या उत्तरदात्यांपैकी’ असं जपून लिहिलेलं वाक्य निष्कर्षात येताना हळूच ‘ग्रामीण महिला’ होऊन येतं. त्यावर एक उपाय चांगला चालतो: प्रत्येक निष्कर्षाच्या शेवटी कंसात सारणीचा क्रमांक लिहायचा. ज्याला क्रमांक देता येत नाही तो निष्कर्ष नव्हे. शिफारशींनाही हीच कसोटी लावावी. या अहवालाची शेवटची शिफारस होती, ‘शासनाने महिलांना उद्योजकता प्रशिक्षण द्यावे’. मागणी वाजवी असेलही. पण तिच्यापुढे लिहायला क्रमांक नव्हता, कारण प्रश्नावलीत प्रशिक्षणावर एकही प्रश्न नव्हता.